सळई-सिमेंटच्या गोदामाची मोजणी आणि तूट-वाढीचा अहवाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातले सळई-सिमेंटचे व्यापारी मार्चअखेर गोदाम मोजतात आणि एप्रिलमध्ये सीएकडे कागद घेऊन येतात. त्या कागदावर बहुतेक वेळा दोनच आकडे असतात: वहीप्रमाणे इतकं, मोजलं तेव्हा इतकं. मधल्या फरकाचं काय झालं हे सांगणारं तिथे काही नसतं. खालची उत्तरं त्या फरकाबद्दल आहेत. सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: 31 मार्च 2026 चा साठा ठरवण्यासाठी रविवार, 5 एप्रिलला मोजलेलं एक गोदाम. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण असे फरक अशाच कारणांनी पडतात.

31 मार्चचा साठा 5 एप्रिलला मोजला तर चालतो का?

चालतो. मात्र मधल्या चार दिवसांची आवक-जावक कागदावर नेमकी हवी. 31 मार्चला दुकान सुरू असतं, हमाल गाड्या भरत असतात, त्या गर्दीत मोजण्यापेक्षा रविवारी गेट बंद करून मोजलेलं बरं. मोजलेल्या आकड्यात 1 ते 4 एप्रिलची विक्री मिळवायची आणि त्याच दिवसांत आलेला माल वजा करायचा, की 31 मार्चचा साठा मिळतो.

आमच्या गोदामात 8 एमएमच्या 914 सळया मोजल्या. चार दिवसांत 80 गेल्या होत्या, नवीन काही आलं नव्हतं. म्हणजे 31 मार्चला 994.

मोजणी सुरू करण्याआधी शेवटच्या जावक चलनाचा आणि शेवटच्या आवक नोंदीचा क्रमांक अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. त्या क्रमांकानंतरचं चलन मोजणीच्या आधीच्या तारखेचं निघालं, तर कोणीतरी मागाहून कागद बनवला आहे हे लगेच कळतं.

मोजायचं कोणी आणि कसं?

दोघांनी. त्यातला एक गोदाम सांभाळणारा नसावा, पण गोदाम सांभाळणारा सगळा वेळ हजर हवा, कारण मागच्या भिंतीला काय टेकवलं आहे ते त्यालाच ठाऊक असतं. मोजणाऱ्यांच्या हातातल्या कागदावर वहीतला आकडा असू नये. समोर 520 लिहिलेलं दिसलं की 492 मोजणारा माणूस आणखी 28 शोधू लागतो आणि बऱ्याचदा ‘सापडवतो’.

सळईच्या थप्पीत टोकं मोजायची आणि मोजलेल्या टोकांना रंगाचा ठिपका द्यायचा. न सुटलेल्या बंडलांतही सगळीकडे ठरलेले नग असतील असं गृहीत धरू नका. बाजारात साधारणपणे 8 एमएमच्या बंडलात 10, 10 एमएमच्या 7, 12 एमएमच्या 5 आणि 16 एमएमच्या 3 सळया येतात, पण एखादी सळई काढून तार पुन्हा आवळलेली बंडलंही त्यात असतात. कापलेले तुकडे वेगळे ठेवून वजन करा. ते पूर्ण सळयांत धरू नयेत.

आमच्या 8 एमएममध्ये दरवर्षी वाढ निघते. ही चांगलीच गोष्ट नाही का?

ही वाढ कुठून येते हे न पाहता ती नफ्यात टाकू नका. सळईच्या धंद्यात फसवणारा आकडा हाच आहे.

कारखान्याकडून माल वजनावर येतो. गाडी वजनकाट्यावर जाते, जे किलो भरतील त्याचं बिल येतं. दुकानातून मात्र माल नगावर जातो आणि बिलात नगाचं ठरावीक वजन लावलं जातं. ते वजन व्यासाच्या वर्गाला 162 ने भागून निघतं:

```
मीटरमागे किलो = व्यास × व्यास ÷ 162
8 एमएम: 64 ÷ 162 = 0.395
12 मीटरची सळई: 4.74 किलो
```

प्रत्यक्षातली सळई इतक्याच वजनाची असेल असं नाही. आयएस 1786 या मानकात 10 एमएमपर्यंतच्या सळईला पूर्ण लॉटमागे 7 टक्के, त्यावर 16 एमएमपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 3 टक्के कमी-जास्त चालतं. बारीक सळई बऱ्याचदा हलक्या बाजूची येते.

या गोदामात मागच्या वर्षअखेर 8 एमएम शिल्लक नव्हती. वर्षभरात 9,000 सळया आल्या, वजन 41,220 किलो, म्हणजे नगामागे 4.58 किलो. त्यातल्या 8,000 विकल्या. बिलात प्रत्येकीचे 4.74 किलो लागले, एकूण 37,920. वहीत राहिले 3,300 किलो. गोदामात मोजलेल्या 994 सळया प्रत्यक्ष वजनाने 4,553 किलो भरतात. वाढ झाली 1,253 किलो.

ही वाढ कारखान्याने जास्त माल पाठवल्यामुळे झालेली नाही आणि ती एका रात्रीतही आलेली नाही. विकलेल्या प्रत्येक सळईमागे वहीतून 0.16 किलो जास्त उतरवले गेले. 8,000 सळयांचे 1,280 किलो झाले. वर्षभर विक्रीचा खर्च तेवढा जास्त दिसला, तो मार्चअखेरच्या साठ्यात परत आला. किलोला 55 रुपये धरले तर वाढीची रक्कम 69,000 च्या आसपास जाते. बँकेला दर महिन्याला दिलेल्या साठापत्रकातही माल कमी दिसत होता.

मग 1,280 आणि 1,253 मधला फरक कुठे गेला?

खरा प्रश्न हाच आहे, आणि ‘वाढ निघाली’ म्हणून फाइल बंद करणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

वजनामुळे 1,280 किलोची वाढ दिसायला हवी होती. दिसली 1,253. साधारण 27 किलो कमी आहेत. नगांत पाहिलं तर 9,000 आल्या, 8,000 गेल्या, 1,000 हव्यात, सापडल्या 994. सहा सळया गोदामात नाहीत. सहा गुणिले 4.58 म्हणजे साडेसत्तावीस किलो. हिशेब जुळला. किलोच्या वाढीखाली नगांची तूट झाकली गेली होती.

म्हणून सळईचा पडताळणी अहवाल दोन एककांत हवा. माल कमी आहे की नाही ते नग सांगतात, पैसा किती ते किलो सांगतात. फक्त किलोत हिशेब ठेवला तर वर्षाला शंभर सळया बाहेर गेल्या तरी कागदावर वाढच दिसत राहील. टॅलीत `Alternate units` वापरून किलोबरोबर नगही नोंदवता येतात. त्यासाठी गाडी उतरवताना बंडलं मोजून आवक नोंदीत नग लिहिण्याची शिस्त लागते, आणि तिथेच बहुतेक दुकानं कमी पडतात.

गिऱ्हाइकाच्या बाजूने एक गोष्ट. माल नगावर विकत असाल तर बिलावर नगही स्पष्ट लिहा. वजनाचा आकडा हिशेबाचा आहे की काट्याचा, हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

10 एमएममध्ये 35 सळया जास्त आणि 12 एमएममध्ये 28 कमी. एकात एक वळतं करून टाकावं का?

अजून नाही. तूट आणि वाढ परस्परांत फिटवण्याचा हक्क कागदाने मिळतो, अंदाजाने नाही. पण हे आकडे नीट पाहिले तर माग लागतो.

35 आणि 28 जुळत नाहीत. बंडलांत पाहा. 10 एमएमच्या 35 म्हणजे बरोबर 5 बंडलं. 12 एमएमची 5 बंडलं म्हणजे 25 सळया. मग संशय असा: कुठल्यातरी चलनावर 10 एमएमची 5 बंडलं लिहिली गेली आणि गाडीत 12 एमएमची 5 बंडलं चढली. मिस्त्री फोनवर अजूनही 10 एमएमला ‘तीन सूत’ आणि 12 एमएमला ‘चार सूत’ म्हणून मागणी सांगतात, आणि दोन्ही थप्प्या शेजारी असल्या की घाईत ही अदलाबदल होते.

गेटवर ती का सापडली नाही, याचंही उत्तर आहे. 10 एमएमची सळई ठरीव वजनाने 7.41 किलोची, 35 चे झाले 259 किलो. 12 एमएमची 10.66 ची, 25 चे 266.5. फरक सात-साडेसात किलोचा. दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवणाऱ्या काट्यावर, सिमेंट आणि वाळूही भरलेल्या गाडीत, तो दिसत नाही. वजनाची पावती इथे साक्ष देऊ शकत नाही.

म्हणून मागच्या मोजणीनंतरची 10 एमएमच्या 5 बंडलांची सगळी चलनं काढली. तीन निघाली. तिन्ही साइटवर विचारलं, एका ठेकेदाराने 12 एमएम उतरल्याचं सांगितलं आणि चलनाच्या प्रतीवर तसं लिहून सही दिली. ती प्रत अहवालाला जोडली. आता 10 एमएमची 35 ची वाढ पूर्ण सुटली आणि 12 एमएमच्या 28 पैकी 25 ची तूट सुटली. उरलेल्या 3 सळयांची तूट तशीच राहते. अदलाबदल सापडली म्हणून त्याही तिच्यात ढकलायच्या नाहीत.

बिलाची दुरुस्तीही करायची: 10 एमएमची क्रेडिट नोट, 12 एमएमचं नवं बिल. आणि त्या साइटच्या इंजिनिअरला कळवायचं. ती सळई कुठल्यातरी स्लॅबमध्ये जाणार असते, आणि दोन सळयांतलं अंतर व्यासावर ठरलेलं असतं.

सिमेंटची तूट 307 गोण्या! एवढं सिमेंट चोरीला गेलं असेल?

तारीख पाहिल्याशिवाय चोरी हा शब्द कागदावर आणू नका. 5 एप्रिलला 455 गोण्या मोजल्या. चार दिवसांत 250 विकल्या, 300 आल्या. 31 मार्चला गोदामात 405. वहीत 712.

कंपनीचं 300 गोण्यांचं बिल 31 मार्चचं होतं. दिवाणजींनी ते त्याच दिवशी चढवलं, गाडी पोहोचली 1 एप्रिलला. आवक नोंद आणि गाडीची ई-वे बिलाची प्रत समोर ठेवली की हे स्पष्ट होतं. सौदा असा असेल की गाडी भरल्यावर माल तुमचा, तर 300 गोण्या ‘वाटेवरचा माल’ म्हणून साठ्यात दाखवायच्या. पोहोच द्यायची जबाबदारी कंपनीची असेल, तर ती खरेदीच एप्रिलची. जीएसटीत मात्र माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून या बिलाचं क्रेडिट दोन्ही परिस्थितींत एप्रिलचं. मार्चच्या विवरणपत्रात ते घेतलं गेलं असेल तर इथेच सापडेल.

उरल्या 7. पाच गोण्या फाटून सांडल्या, त्याची नोंद गोदामाच्या वहीत त्या-त्या तारखेला होती. दोन गोण्यांचा पत्ता नाही.

गोण्या मोजताना काही गठलेल्या सापडल्या. त्या साठ्यात धरायच्या का?

नगांत धरायच्या, किमतीत नाही. 405 मध्ये 11 गोण्या भिंतीला लागून ओल पकडून दगड झाल्या होत्या. मोजणीत त्या सुटल्या असत्या तर 11 ची तूट निघाली असती आणि तिचं कारण शोधत बसावं लागलं असतं. त्यामुळे अहवालात ‘माल आहे, पण विकण्याजोगा नाही’ असा वेगळा रकाना ठेवा.

गठलेल्या गोण्या बोटाने दाबून कळतात, पण जुन्या गोण्या तशा कळत नाहीत. गोणीवर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. मोजतानाच ते पाहून तीन महिन्यांपेक्षा जुनी थप्पी वेगळी लिहा. तेवढं जुनं सिमेंट तपासणी केल्याशिवाय वापरू नये असा नियम आहे आणि शहाणा ठेकेदार ते परत पाठवतो.

अहवालात ‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं?

दोन रकाने करा. एकात गोदाम सांभाळणाऱ्याचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत, सहीसह. दुसऱ्यात पडताळणी करणाऱ्याला काय आढळलं आणि कुठल्या कागदावरून. ‘मोजणीतला फरक’, ‘नेहमीची घट’, ‘चुकून’ ही कारणं नव्हेत. सळईला घट होत नाही. वरचा गंज झटकून जाईल तेवढाच, आणि नग तर गंजाने कमी होत नाहीत.

| माल | वही | मोजणी (31 मार्च) | फरक | कागदाने सुटलेला | न सुटलेला |
|---|---|---|---|---|---|
| 8 एमएम (नग) | 1,000 | 994 | −6 | 0 | −6 |
| 10 एमएम (नग) | 640 | 675 | +35 | +35 | 0 |
| 12 एमएम (नग) | 520 | 492 | −28 | −25 | −3 |
| सिमेंट (गोण्या) | 712 | 405 | −307 | −305 | −2 |

8 एमएमचा किलोचा हिशेब याखाली वेगळा जोडायचा. शेवटच्या रकान्यात काही उरलं म्हणजे अहवाल फसला असं मालकाला वाटतं. माझं मत उलट आहे. प्रत्येक ओळीत शून्य असलेला अहवाल हातात आला की मी आधी चलनांच्या तारखा तपासतो.

न सुटलेल्या तुटीचं हिशेबात काय करायचं?

9 सळया 59.5 किलोच्या आसपास, 55 च्या दराने 3,270 रुपये. त्यावर खरेदीच्या वेळी घेतलेलं 18 टक्के क्रेडिट, म्हणजे 589 रुपये, परत करायचं. सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(h) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर क्रेडिट मिळत नाही. सिमेंटच्या 2 बेपत्ता, 5 सांडलेल्या आणि 11 गठलेल्या गोण्यांनाही हेच लागू, 11 खरंच काढून टाकल्या तर. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटचा दर 28 वरून 18 टक्के झाला आहे, म्हणून गोणी कुठल्या बिलातली आहे ते पाहून त्या बिलातलंच क्रेडिट परत करा.

8 एमएमच्या 1,280 किलोला मात्र हे लागू करू नका. तो हरवलेला किंवा सापडलेला माल नाही, फक्त एककाचा फरक आहे. तसं टिपण अहवालात हवं.

तूट लिहून टाकण्याऐवजी गप्प बसणं महागात पडतं. कलम 35(6) प्रमाणे हिशेब न लागणाऱ्या मालावर, तो विकला गेला असं धरून, अधिकारी कर ठरवू शकतो. प्राप्तिकराच्या ऑडिटमध्येही फॉर्म 3सीडीच्या कलम 35 मध्ये मुख्य मालाची तूट किंवा वाढ नगाने-वजनाने द्यावी लागते. दोन ठिकाणी दोन आकडे गेले की प्रश्न सुरू होतात.

टॅलीत `Physical Stock` व्हाउचर टाकलं की काम झालं ना?

त्याने फक्त साठ्याचा आकडा मोजलेल्या आकड्याइतका होतो. फरक कुठल्याही खात्यात दिसत नाही, तो विक्रीच्या खर्चात गुपचूप मिसळतो. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर त्या व्हाउचरमधून ना 25 सळयांची अदलाबदल कळते, ना हरवलेल्या 9.

आधी चुका दुरुस्त करा: अदलाबदलीचं बिल, सिमेंटच्या खरेदीची तारीख. त्यानंतर 8 एमएमचा वजनाचा फरक, फाटलेल्या-गठलेल्या गोण्या आणि न सुटलेली तूट यांच्यासाठी `Stock Journal` मध्ये तीन वेगळ्या नोंदी करा आणि प्रत्येकीच्या खाली अहवालाचा क्रमांक लिहा. एवढ्यानंतर वही आणि मोजणी आपोआप जुळते.

गोदाम सांभाळणाऱ्याच्या पगारातून तूट कापावी का?

वर्षातून एकदा मोजता तेव्हा 9 सळया बारा महिन्यांत कधी गेल्या हे कोणालाच सांगता येत नाही, मग एका माणसावर त्या लादण्याला आधार काय? 8, 10 आणि 12 एमएम दर महिन्याला मोजा, एका सकाळचं काम आहे. तूट कुठल्या महिन्यात आणि कुठल्या चलनांच्या मध्ये पडली हे कळलं तर बोलायला काही हाती असतं. 16 एमएमच्या वरचा माल तीन महिन्यांनी मोजला तरी चालतो. त्याचे नग थोडे असतात आणि एक सळई उचलून नेणं सोपं नसतं.

हे कागद किती वर्षं ठेवायचे?

जीएसटीच्या हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. मोजणीचे मूळ कागदही त्यातच ठेवा, खाडाखोड झालेले, पेन्सिलीने लिहिलेले, जसे आहेत तसे. त्यावरून केलेली स्वच्छ प्रत अहवाल म्हणून चालते, पण मोजणी खरंच झाली याचा पुरावा तो मळका कागद असतो. ठेकेदाराने सही केलेलं चलन आणि वाटेवरच्या गाडीची आवक नोंद यांच्या प्रती अहवालालाच टाचून ठेवा. वेगळ्या फाइलमध्ये गेलेला कागद हवा तेव्हा सापडत नाही.